'घरपोच एकूण किती?' : डिलिव्हरी खर्च, सीओडी आणि पोचवण्याची हद्द यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात सुदामानगरातल्या घरातून आम्ही चकली, भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ विकतो. आमच्यासारखंच घरून विकणाऱ्या ओळखीच्या मंडळींचे प्रश्न वर्षभर येत असतात आणि नवरात्र संपलं की त्यांचा पूर येतो. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणातले दर समजण्यापुरते आहेत, तुमचा कुरिअरवाला काय घेतो ते त्यालाच विचारा. सगळीकडे एकच वस्तू धरली आहे: चकली, अर्धा किलोचं पाकीट, किंमत २४० रुपये.

१. लिस्टिंगमध्ये 'डिलिव्हरी चार्ज एक्स्ट्रा' लिहिलंय, तरी लोक पुन्हा पुन्हा का विचारतात?

कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. गिऱ्हाइकाला एकच आकडा हवा असतो, तो म्हणजे माझ्या दारात वस्तू आल्यावर एकूण किती गेले. 'एक्स्ट्रा' म्हणजे वीस की दोनशे हे त्याला कळत नाही. मग तो विचारतो, तुम्ही पिन कोड मागता, तो कामाला लागतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून शेव आणलेली असते. इंदूरच आहे, शेवेला काय तोटा!

आकडा उशिरा सांगणं कायद्यालाही चालत नाही. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत, डिलिव्हरीसकट सगळे खर्च फोड करून आणि एकूण किंमत एका आकड्यात दाखवायला सांगितलं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक सूचनांमध्ये तर आधी कमी किंमत दाखवून शेवटी खर्च चढवत नेणं हा फसवणुकीचा प्रकार म्हणून नोंदवला आहे. आपण मुद्दाम करत नसू, पण 'एक्स्ट्रा' या शब्दाने होतं तेच.

२. मग नेमकं काय लिहायचं? एक नमुना द्या ना.

आम्ही आता चकलीखाली हे लिहितो:

> चकली, अर्धा किलो: २४० रुपये
> घरपोच एकूण: इंदूर शहर २८०, बाकी मध्य प्रदेश ३३०, महाराष्ट्र-गुजरात ३६०
> दोन पाकिटं घरपोच: इंदूर ५२०, मध्य प्रदेश ६३०, महाराष्ट्र-गुजरात ६९०
> इंदूर शहर म्हणजे ४५२ ने सुरू होणारे पिन आणि राऊ. महू, सांवेर, देपालपूर, पीथमपूर 'मध्य प्रदेश' दरात.
> सीओडी: इंदूर शहरात आहे, जादा पैसे नाहीत. बाहेर हवी असेल तर ४० जादा, डिलिव्हरी आणि सीओडीचे पैसे आधी, मालाचे दारात. एक पाकीट, मध्य प्रदेश: १३० आधी, २४० दारात, एकूण ३७०.
> ऑर्डर देताना माल जिथे पोचवायचा तिथला पिन कोड लिहा.

सहा ओळी आहेत. व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये वर्णनाच्या सुरुवातीच्या ओळीच नजरेस पडतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं आणि ते कोणी वाचत नाही. म्हणून किंमत आणि 'घरपोच एकूण' या दोन ओळी आधी येतात. 'आमच्या आजीच्या हातची चव' वगैरे सगळं त्यानंतर. पाकिटाच्या फोटोवर आकडे टाकू नका, दर बदलला की जुना फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरत राहतो आणि लोक तोच पुरावा म्हणून पाठवतात.

इंदुरातली आपली गिऱ्हाइकं घरात मराठी बोलली तरी पैशाचं हिंदीत वाचायला सरावलेली असतात. या सहा ओळी खाली हिंदीतही द्या. पण दोन्हीकडे आकडे एकच असू देत. माझ्याकडून एकदा मराठीत नवा आणि हिंदीत जुना दर राहिला होता, आणि प्रत्येकाने स्वस्त होता तोच वाचला.

३. 'इंदूर' लिहिलं की पुरे ना? पिन कोड कशाला?

पुरे नाही. हा धडा मी पैसे मोजून शिकले आहे. पहिल्या दिवाळीत मी लिहिलं होतं, 'इंदुरात घरपोच मोफत'. महूहून एका बाईंची पावशेर मेतकुटाची ऑर्डर आली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, महू इंदूर जिल्ह्यातच आहे. भाचा स्कूटरवरून वीस-बावीस किलोमीटर गेला आणि तेवढाच परत आला. मेतकुटाचे पैसे पेट्रोलात गेले.

'इंदूर' म्हणजे कोणाला जिल्हा वाटतो, कोणाला महानगरपालिका, तर कोणाला राजवाड्यापासून विजयनगरपर्यंतचा भाग. पिन कोड एकच अर्थ सांगतो. पहिल्या तीन आकड्यांत टपालाचा विभाग येतो: शहराचे पिन ४५२ ने सुरू होतात, तर महू ४५३४४१, सांवेर ४५३५५१, देपालपूर ४५३११५. पीथमपूरला आपण सगळे इंदूरचंच समजतो, पण ते धार जिल्ह्यात आहे आणि त्याचा पिन ४५४७७५. (१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पिन पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृत कवी असलेल्या अधिकाऱ्याची. ऑर्डर घेताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.)

मात्र पिन कोडवर डोळे मिटून विसंबू नका. राऊचा पिन ४५३३३१, म्हणजे नियमाने बाहेर, पण आमच्या घरापासून राऊ विजयनगरइतकंसुद्धा अडचणीचं नाही. म्हणून ते नाव घेऊन आत घातलं. उलट ४५२ च्या काही पिनांत बायपासपलीकडच्या वसाहती आणि गावंही येतात. तिथे तुम्ही जाणार नसाल तर तेही नावानिशी लिहा.

४. किलोमीटरवर दर लावले तर चालतील? पाच किलोमीटरपर्यंत तीस, पुढे पन्नास?

हिशेबाला बरं, लिस्टिंगला वाईट. गिऱ्हाइकाला तुमचं घर ठाऊक नसतं. तो नकाशावर सरळ रेघ मोजतो, तुम्ही रस्ता मोजता, आणि ४.८ की ५.३ यावर वाद होतो. किलोमीटर तुम्ही मनात ठेवा आणि लिस्टिंगमध्ये पिन आणि वस्त्यांची नावं लिहा. आम्ही शहराला सरसकट ४० रुपये ठेवले आहेत. जवळच्या अन्नपूर्णा रोडवाल्याकडून थोडे जास्त सुटतात, लांबच्या विजयनगरवाल्यापायी थोडे जातात, आणि वाद शून्य.

५. कुरिअरवाला वजनापेक्षा जास्त पैसे लावतो. गिऱ्हाइकाला 'प्रति किलो' दर सांगितला होता, आता फरक कोण भरणार?

तुम्हीच भरणार. म्हणूनच लिस्टिंगमध्ये 'प्रति किलो' लिहू नये.

कुरिअर दोन वजनं काढतं, एक काट्यावरचं आणि एक डब्याच्या आकारमानाचं. जे जास्त भरेल त्यावर पैसे लागतात आणि तेही अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी. आकारमानाचं वजन काढायला डब्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं.

चकलीचंच बघा. सुरुवातीला मी अर्ध्या किलोचं पाकीट ३० × २० × १५ च्या खोक्यात घालायची, चकल्या मोडू नयेत म्हणून भोवती भरपूर कागद. गुणाकार ९०००, भागिले ५०००, म्हणजे १.८ किलो. काट्यावर सगळं मिळून ७०० ग्रॅम, पण पैसे दोन किलोचे. मग २२ × १८ × ११ चं खोकं शोधलं. गुणाकार ४३५६, वजन ०.८७, म्हणजे एका किलोचा टप्पा. मध्य प्रदेशातल्या पार्सलचा दीडशेचा खर्च नव्वदवर आला. चकल्या कमी हलतात म्हणून मोडतातही कमी. पार्सलचा खोका फुगला तर फुगलेल्या जागी मोजतात, म्हणून कागद कोंबायचा नाही. काही कुरिअर ४००० ने भागतात. मग हाच छोटा खोका १.०९ किलो होतो आणि दीड किलोच्या टप्प्यात जातो. दर ठरवण्याआधी 'कितीने भागता?' हे विचाराच.

आता दोन पाकिटं. ती एकत्र मोठ्या खोक्यात जातात, म्हणजे दोन किलोचा टप्पा, १५० रुपये. गिऱ्हाईक धरून चालतं की पार्सल एकच आहे म्हणजे नव्वदच, नाहीतर दोन पाकिटं म्हणजे एकशे ऐंशी. दोन्ही चूक. म्हणून वरच्या नमुन्यात दोन पाकिटांची ओळ वेगळी आहे: ४८० अधिक १५०, एकूण ६३०. तीन पाकिटांपासून पुढे मी 'विचारा' असं लिहिते, कारण तेवढी मागणी करणारा विचारतोच. भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला दाट आणि जड असल्याने त्यांना ही अडचण येत नाही. तिथे काट्यावरचंच वजन चालतं.

६. सगळा खर्च किमतीत मिसळून 'फ्री डिलिव्हरी' लिहिलं तर कटकटच नको, नाही का?

शहरापुरतं जमतं. सगळीकडे लागू केलंत तर तीन ठिकाणी अडकाल.

पहिली गोष्ट एमआरपीची. पाकिटावर २५० छापलं असेल तर २४० अधिक ९० करून किंमत ३३० लिहिता येत नाही. छापील एमआरपीपेक्षा जास्त किमतीला माल विकता येत नाही. डिलिव्हरी ही वेगळी सेवा म्हणून वेगळी दाखवावी लागते. दुसरी गोष्ट, दोन पाकिटं घेणाऱ्याकडून ६६० जातील, जिथे खरा खर्च ६३० आहे, म्हणजे जास्त घेणाऱ्यालाच भुर्दंड. तिसरी, इंदूरचा माणूस पुण्याच्या पार्सलचे पैसे भरतो, आणि इंदूरचा माणूस हे लगेच ओळखतो.

७. 'सहाशेच्या वर डिलिव्हरी फ्री' यात काय गोंधळ होईल?

'वर' या शब्दाचा. बरोबर ६०० ची ऑर्डर आली तर? '६०० किंवा जास्त' लिहा. कुठे फ्री तेही त्याच ओळीत लिहा, आमच्याकडे फक्त इंदूर शहरात.

दुसरा गोंधळ सवलतीचा. तीन पाकिटांचे ७२० झाले, दिवाळीची २० टक्के सूट दिली, उरले ५७६. आता डिलिव्हरी फ्री की चाळीस? मी सवलतीआधीची रक्कम धरते. चाळीस रुपयांसाठी सणासुदीला कोण तोंड वाईट करणार? तुम्ही उलटं ठरवलंत तरी हरकत नाही, फक्त लिहून ठेवा.

८. कॅश ऑन डिलिव्हरी द्यावी की नाही? आणि जादा पैसे घेतले तर?

शहरात स्वतः पोचवत असाल तर खुशाल द्या. पैसे त्याच दिवशी घरी येतात आणि नकार आला तरी चकली ताजीच असते.

कुरिअरची सीओडी वेगळी. तिथे वसुलीचे पैसे लागतात, ठरावीक रक्कम किंवा मालाच्या किमतीचे काही टक्के, जे जास्त असेल ते. रक्कम तुमच्या खात्यात यायला पार्सल पोचल्यावर आठवडाभर किंवा जास्त लागतो. आणि खरा खड्डा परत आलेल्या पार्सलचा. समजा भोपाळला एक पाकीट पाठवलं, 'घरी कोणी नाही' म्हणून तीनदा फिरलं आणि परत आलं. जायचे ९०, यायचे ९०. वसुलीचे ४० सहसा लागत नाहीत. एकशे ऐंशी रुपये गेले आणि बारा दिवसांनी हातात आला तो चकलीचा भुगा. दहात एक पार्सल असं परत आलं, तर उरलेल्या नऊ जणांमागे वीस-वीस रुपयांचा बोजा पडतो. पुष्कळ विक्रेते तो गुपचूप किमतीत घालतात.

मी त्याऐवजी डिलिव्हरी आणि सीओडीचे पैसे आधी घेते. मध्य प्रदेशात ९० अधिक ४०, म्हणजे १३० यूपीआयने आधी आणि २४० दारात. एकूण ३७०. लिस्टिंगमध्ये तिन्ही आकडे लिहायचे, नाहीतर गिऱ्हाईक दारात म्हणतं, '१३० दिलेत ना, आता ११० द्यायचे.' एवढं वाचल्यावर बरेच जण ३३० एकदम भरून मोकळे होतात, चाळीस वाचतात म्हणून.

सीओडीचे जादा पैसे शेवटच्या पायरीवर अचानक दाखवू नका. मोठ्या ऑनलाइन विक्रीत याच तक्रारी आल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी चौकशी सुरू असल्याचं सांगितलं होतं. आपण लहान असलो तरी ही रक्कम किमतीच्या खालीच दिसली पाहिजे.

९. पार्सल घेतलंच नाही तर आधी घेतलेले पैसे परत करायचे का?

मी करत नाही, आणि ते ऑर्डरआधी लिहून ठेवते: 'पार्सल घेतलं नाही तर डिलिव्हरीचे पैसे परत मिळणार नाहीत. माल चुकीचा किंवा खराब निघाला तर सगळे परत.' दोन्ही वाक्यं एकत्र हवीत. नुसतं पहिलं वाचलं की माणूस बिचकतो. आधी घेतलेल्या १३० मधून येण्या-जाण्याचे १८० निघत नाहीतच, पण ज्याने पैसे भरलेत तो फोन उचलतो.

१०. गिऱ्हाईक म्हणतं, 'उघडून बघेन, मग पैसे देईन' किंवा 'दारात यूपीआय करेन'. काय लिहू?

नेहमीच्या कुरिअर सीओडीत पैसे आधी आणि पार्सल नंतर. 'पार्सल उघडण्याआधी पैसे द्यावे लागतील' असं स्पष्ट लिहा. उघडताना व्हिडिओ काढायला सांगा, मोडतोडीच्या तक्रारीला तोच कामी येतो. आमचा भाचा घेऊन गेला तर तो उघडून दाखवतो, मग शहरासाठी तसं लिहायला हरकत नाही.

यूपीआय स्वतःच्या डिलिव्हरीत चालतं. कुरिअरवाल्याकडे कंपनीचा क्यूआर असेलच अशी खात्री देऊ नका, 'रोख तयार ठेवा' एवढंच लिहा. त्या पोराच्या खासगी नंबरवर पैसे पाठवायचे नाहीत, हेही सांगा.

११. ऑर्डर इंदूरची, माल पुण्याला मुलाच्या हॉस्टेलवर. दर कुठला?

माल पोचतो तिथला. आमच्या दिवाळीच्या ऑर्डरींत हा प्रकार फार, म्हणून नमुन्यात 'माल जिथे पोचवायचा तिथला पिन' असं लिहिलंय. नुसतं 'तुमचा पिन कोड' म्हटलं की आई आपल्या घराचा देते आणि २८० भरून मोकळी होते.

अशा पार्सलला सीओडी देऊच नका. मुलगा वर्गात असतो, वॉचमन पैसे देत नाही, आणि पार्सल आल्या पावली परत. 'दुसऱ्याच्या पत्त्यावर सीओडी नाही' एवढी ओळ पुरते.

१२. माझा पिन कुरिअरच्या यादीत आहे, तरी सीओडी होत नाही म्हणतात. असं कसं?

कारण याद्या दोन असतात. काही पिनांवर आधी पैसे भरलेलं पार्सल जातं, पण रोख वसुली होत नाही. काही ठिकाणी तर घरपोचही नाही, तालुक्याच्या ऑफिसातून उचलावं लागतं किंवा 'ओडीए', म्हणजे कुरिअरच्या नेहमीच्या हद्दीबाहेरचा पत्ता, म्हणून जादा पैसे लागतात. म्हणून 'संपूर्ण भारतात सीओडी' कधीच लिहू नका. ऑर्डर आल्यावर पिन दोन्ही याद्यांत तपासा आणि मगच पैसे मागा. कुरिअर पोचत नसेल तर टपाल आहेच. पूर्वी दिवाळी अंक व्ही.पी.ने, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवून घ्यायच्या टपालाने, यायचे ते अशाच गावांत.

१३. बसने पार्सल पाठवते, 'टू-पे'. ते घरपोचमध्ये धरायचं का?

नाही. देवास, उज्जैनला बसने स्वस्तात आणि त्याच दिवशी जातं, पण गिऱ्हाइकाला बिल्टीचा फोटो दाखवून बसच्या ऑफिसातून उचलावं लागतं. टू-पे म्हणजे भाडंही त्यानेच तिथे द्यायचं. 'घरपोच एकूण'मध्ये हे मिसळू नका. वेगळी ओळ द्या: 'बस पार्सल: उचल स्टँडवरून, भाडं तुमच्याकडे.'

१४. महाराष्ट्रातून मागणी खूप आहे. नुसती महाराष्ट्राची ओळ घातली की झालं?

आधी जीएसटीचं बघा. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर जीएसटी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नोंदणी घ्यावीच लागते, उलाढाल लहान असली तरी. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे, चकलीला नाही. म्हणजे इंदूरहून भोपाळला विनानोंदणी पाठवता येईल, पण तेच पाकीट धुळ्याला पाठवलं की नोंदणी आली. विनानोंदणी विक्रेत्याला मोठ्या ऑनलाइन मंचांवरून ऑक्टोबर २०२३ पासून माल विकता येतो, तोही फक्त आपल्या राज्यात. ग्वाल्हेरच्या मंडळींनाही हेच लागू. वडोदऱ्याच्या मंडळींची अडचण तर आणखी जवळ, त्यांच्यासाठी इंदूरही परराज्य.

नोंदणी नसेल तर सरळ लिहा: 'सध्या फक्त मध्य प्रदेशात पाठवतो.' कारण सांगत बसायची गरज नाही. नोंदणी असेल तर आणखी एक बारकावा. डिलिव्हरीचे पैसे तुम्ही मालाबरोबर घेता, म्हणून त्यांवरही मालाच्याच दराने कर लागतो. पाकीटबंद नमकीनवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, तेव्हा कुरिअरच्या ९० रुपयांचे बिलात ९४.५० होतात. गिऱ्हाइकाला साडेचार रुपये मागून मागू नका. आधीच करासह गोल आकडा ठरवा आणि 'घरपोच एकूण'मध्ये तोच लिहा.

१५. दर मध्येच वाढले तर आधीच्या ऑर्डरींचं काय?

ज्याने जुन्या दराने पैसे भरले त्याला जुनाच दर. लिस्टिंगच्या शेवटी 'दर लागू: अमुक तारखेपासून' लिहा. जुन्या फोटोवरून भांडायला आलेल्या माणसाला तारीख दाखवता येते (फोटोबद्दल प्रश्न २ पाहा).